मजकूर-खंड दुवा

मजकूर-खंड दुवा किंवा टेक्स्ट फ्रॅगमेंट हा आंतरजालावरील पानाच्या पत्त्याचा असा प्रकार आहे, की ज्यामुळे पान उघडताच ब्राउझर त्यातील ठरावीक शब्द किंवा वाक्य शोधतो, पान तेथपर्यंत सरकवतो आणि तो मजकूर रंगाने उठून दाखवतो. यासाठी मूळ पानात कोणताही बदल करावा लागत नाही. शोधायचा मजकूर पत्त्याच्या शेवटी `#:~:text=` या खुणेनंतर लिहिला जातो. एखाद्या विधानाला संदर्भ देताना केवळ पान न दाखवता त्या पानावरील नेमके वाक्य दाखवणे हा या दुव्याचा मुख्य उपयोग होय.

## पार्श्वभूमी

पानाच्या मधल्या भागाकडे नेणारे दुवे पूर्वीपासून प्रचलित आहेत. पत्त्याच्या शेवटी `#` हे चिन्ह आणि त्यापुढे त्या भागाचे नाव लिहिले, की पान तेथे उघडते. परंतु हे नाव पानाच्या निर्मात्याने आधी देऊन ठेवलेले असावे लागते. ते सहसा विभागांच्या शीर्षकांना दिलेले असते. मधल्या एखाद्या वाक्याला क्वचितच. त्यामुळे दीर्घ पानाचा संदर्भ दिल्यास वाचकाला संबंधित ओळ स्वतःच शोधावी लागे.

ही अडचण दूर करणारी योजना गूगलमधील अभियंत्यांनी मांडली. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रोम ८० या आवृत्तीत तिचा समावेश झाला. सफारीमध्ये ही सोय २०२२ साली १६.१ या आवृत्तीपासून, तर फायरफॉक्समध्ये २०२४ साली १३१ या आवृत्तीपासून उपलब्ध झाली. ही सोय नसलेल्या जुन्या ब्राउझरमध्ये असा दुवा नेहमीच्या दुव्याप्रमाणे उघडतो. केवळ मजकूर ठळक होत नाही.

## रचना

दुव्याचे चार घटक असतात. त्यांपैकी फक्त आरंभ हा घटक अनिवार्य आहे.

```
#:~:text=पूर्वसंदर्भ-,आरंभ,अंत,-उत्तरसंदर्भ
```

केवळ आरंभ दिल्यास तेवढाच मजकूर ठळक होतो. आरंभ आणि अंत असे दोन्ही दिल्यास पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा सर्व मजकूर ठळक होतो. मधले शब्द लिहावे लागत नाहीत. पूर्वसंदर्भ म्हणजे इच्छित मजकुराच्या लगेच आधी येणारे शब्द आणि उत्तरसंदर्भ म्हणजे लगेच नंतर येणारे शब्द. ते स्वतः ठळक होत नाहीत, ते केवळ जागा ओळखण्यासाठी असतात. संयोगचिन्ह पूर्वसंदर्भाच्या शेवटी आणि उत्तरसंदर्भाच्या सुरुवातीला येते. त्यावरूनच ब्राउझर या घटकांचा अर्थ लावतो.

स्वल्पविराम, संयोगचिन्ह आणि `&` यांना दुव्याच्या रचनेत विशेष अर्थ असल्याने ती चिन्हे मूळ मजकुरात असतील तर अनुक्रमे `%2C`, `%2D` आणि `%26` अशी लिहावी लागतात. उदाहरणार्थ, ‘कृष्णा-कोयना’ हा शब्द `कृष्णा%2Dकोयना` असा लिहिला जातो. दोन शब्दांमधील मोकळी जागा `%20` अशी लिहितात. विकिपीडियाच्या लेखांत हे विशेष आवश्यक ठरते, कारण तेथे चौकटी कंसातील बाह्य दुवा पहिल्या मोकळ्या जागेपाशी संपतो आणि उरलेला मजकूर दुव्याचे शीर्षक मानला जातो.

## उदाहरण

`https://example.org/nadya` या पत्त्यावर पुढील दोन परिच्छेद आहेत असे मानू.

गोदावरी नदी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते. ती पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते.

कृष्णा नदी महाबळेश्वर येथे उगम पावते. ती पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते.

यांतील कृष्णेविषयीचे दुसरे वाक्य दाखवायचे आहे. आरंभ म्हणून ‘ती पूर्वेकडे’ आणि अंत म्हणून ‘मिळते’ दिल्यास दुवा असा होईल:

```
https://example.org/nadya#:~:text=ती%20पूर्वेकडे,मिळते
```

हा दुवा चालेल, परंतु चुकीच्या जागी नेईल. ब्राउझर वरून खाली शोधत जातो आणि जुळणारी पहिलीच जागा स्वीकारतो. येथे ती गोदावरीच्या परिच्छेदात आहे. अशा दुव्याचा दोष चटकन लक्षात येत नाही, कारण वाचकाला ठळक झालेले वाक्य दिसते आणि ते शब्दशः बरोबरही असते. फक्त ते दुसऱ्या नदीविषयीचे असते. यावर पूर्वसंदर्भ हा उपाय आहे. ‘उगम पावते.’ एवढा पूर्वसंदर्भ पुरणार नाही, कारण तो दोन्ही परिच्छेदांत आहे. ‘येथे उगम पावते.’ हे शब्द मात्र फक्त कृष्णेच्या परिच्छेदात येतात.

```
https://example.org/nadya#:~:text=येथे%20उगम%20पावते.-,ती%20पूर्वेकडे,मिळते
```

यातील पूर्णविराम महत्त्वाचा आहे. पूर्वसंदर्भ आणि आरंभ यांच्यामध्ये मोकळ्या जागेखेरीज काहीही असून चालत नाही. पूर्णविराम गाळल्यास ‘पावते’ आणि ‘ती’ यांच्यामध्ये एक चिन्ह शिल्लक राहते आणि दुवा जुळत नाही.

केवळ आरंभ दिलेला असेल तर तो मजकूर एकाच परिच्छेदात असावा लागतो. दोन परिच्छेदांवर पसरलेला मजकूर दाखवायचा असल्यास आरंभ आणि अंत असे दोन्ही घटक द्यावे लागतात.

## मराठी मजकुरातील विशेष बाबी

ब्राउझर नेहमी पूर्ण शब्द जुळवतो, शब्दाचा तुकडा जुळवत नाही. इंग्रजीत नामापुढील शब्दयोगी पदे सुटी लिहिली जात असल्याने या नियमाचा फारसा त्रास होत नाही. मराठीत मात्र विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिली जातात. वरील उदाहरणात `text=महाबळेश्वर` हा दुवा जुळतो, कारण पुढचा ‘येथे’ हा शब्द सुटा आहे. `text=त्र्यंबकेश्वर` हा दुवा मात्र जुळत नाही, कारण पानावरील शब्द ‘त्र्यंबकेश्वरजवळ’ असा आहे. त्याचप्रमाणे ‘मुंबई’ हा शब्द दिल्यास ‘मुंबईत’ किंवा ‘मुंबईचा’ जुळत नाही. म्हणून शब्दकोशातील मूळ रूप न देता पानावर आहे तेच रूप द्यावे लागते. ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही शोधात ग्राह्य धरला जातो. या कारणांमुळे मजकूर नव्याने टंकलिखित करण्यापेक्षा पानावरून जसाच्या तसा उचलणे निर्धोक असते.

दुसरी बाब दुव्याच्या लांबीची आहे. देवनागरी अक्षरे पत्त्यात सांकेतिक रूपात रूपांतरित होतात. त्यांत प्रत्येक व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह यांस प्रत्येकी नऊ चिन्हे लागतात. ‘पुणे’ हा शब्द पुढीलप्रमाणे ३६ चिन्हांचा होतो.

```
%E0%A4%AA%E0%A5%81%E0%A4%A3%E0%A5%87
```

‘महाबळेश्वर’ या एका शब्दाला ९० चिन्हे लागतात. यावरून संपूर्ण वाक्य दुव्यात घातल्यास तो किती लांबेल याची कल्पना येते. त्यामुळे मराठी मजकुरासाठी आरंभीचे दोन-तीन शब्द आणि शेवटचा एखादा शब्द देणे सोयीचे ठरते. तसे करताना अंत म्हणून निवडलेला शब्द परिच्छेदात त्याआधी आलेला नाही ना, हे पाहावे लागते. अन्यथा ठळक भाग मध्येच संपतो. ‘आहे’ आणि ‘होते’ हे शब्द या दृष्टीने अडचणीचे आहेत.

## दुवा तयार करणे

क्रोमच्या संगणकीय आवृत्तीत मजकूर निवडून उजवी कळ दाबली असता `Copy link to highlight` हा पर्याय दिसतो. तो निवडल्यास वरील नियमांनुसार दुवा आपोआप तयार होतो आणि गरजेप्रमाणे पूर्वसंदर्भ व उत्तरसंदर्भही जोडले जातात. हाताने लिहिलेल्या दुव्यात देवनागरी अक्षरे तशीच ठेवली तरी ब्राउझर ती समजून घेतो.

दुव्याला पर्यायी ठिकाण देता येते. `#इतिहास:~:text=…` असे लिहिल्यास मजकूर न सापडल्यास पान निदान ‘इतिहास’ या विभागापाशी उघडते. एकाहून अधिक जागा दाखवायच्या असल्यास `&text=` लिहून पुढचा मजकूर जोडतात. पान पहिल्या मजकुराकडे सरकते.

## सुरक्षितता

पत्त्यातील `#` नंतरचा भाग संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे पाठवला जात नाही. `:~:` पासून पुढचा भाग तर ब्राउझर पानावरील आज्ञावलीपासूनही वेगळा ठेवतो. त्यामुळे `#` नंतरचा भाग स्वतःच्या कामासाठी वापरणाऱ्या संकेतस्थळांचे कार्य बिघडत नाही.

या सोयीवर गोपनीयतेच्या दृष्टीने आक्षेप घेण्यात आले होते. एखाद्याच्या खाजगी पानावर विशिष्ट शब्द आहे का, हे जाणण्यासाठी तो शब्द असलेला दुवा पाठवायचा आणि पान खाली सरकले की नाही याचा अप्रत्यक्ष माग घ्यायचा, अशी शक्यता मांडली गेली. पान सरकल्यास खालचे चित्र मागवले जाते आणि जाळ्यावर पाळत ठेवणाऱ्यास ती मागणी दिसू शकते. या कारणास्तव काही बंधने घालण्यात आली. वापरकर्त्याच्या कृतीशिवाय असा दुवा कार्यान्वित होत नाही. पूर्ण शब्दाच्या नियमामुळे एकेक अक्षर वाढवत गुप्त शब्द ओळखता येत नाही. याशिवाय संकेतस्थळाला ही सोय पुढील सूचनेने आपल्या पानांपुरती बंद ठेवता येते:

```
Document-Policy: force-load-at-top
```

## मर्यादा आणि दोषनिदान

दुवा मजकुरावर अवलंबून असल्याने मजकूर बदलल्यास तो निकामी होतो. निवडलेल्या शब्दांतील शुद्धलेखनाची एक दुरुस्तीही त्यास पुरेशी असते. विकिपीडियासारख्या सतत संपादित होणाऱ्या ठिकाणी यावर उपाय आहे. लेखाच्या इतिहासातील ठरावीक आवृत्तीचा, म्हणजे `oldid` असलेला, पत्ता घेऊन त्याला मजकूर-खंड जोडल्यास मजकूर बदलण्याचा प्रश्न उरत नाही. चित्ररूपात असलेली जुनी वृत्तपत्रे व ग्रंथांची पाने यांत शोधण्याजोगा मजकूरच नसल्याने तेथे हा दुवा उपयोगी पडत नाही. पान उघडल्यानंतर बऱ्याच वेळाने भरला जाणारा मजकूरही सापडत नाही.

दुवा निष्फळ ठरल्यास कोणतीही त्रुटी-सूचना दिसत नाही. पान नेहमीप्रमाणे सुरुवातीपासून उघडते. कारण शोधण्यासाठी तोच मजकूर ब्राउझरच्या `Ctrl+F` या शोधात टाकून पाहता येतो. हा शोध शब्दांचे तुकडेही जुळवतो. त्यामुळे येथे मजकूर सापडला आणि दुव्याने सापडला नाही, तर शब्दाला जोडलेला प्रत्यय, सांकेतिक रूपात न लिहिलेला स्वल्पविराम किंवा संयोगचिन्ह, अथवा चुकलेला पूर्वसंदर्भ हे संभाव्य कारण असते. दोन्हीकडे न सापडल्यास मूळ पानावरील मजकूर बदललेला किंवा चित्ररूपात असण्याची शक्यता असते. मजकूर बदललेला असेल, तर ज्या विधानासाठी संदर्भ दिला होता ते विधान पानावर अद्याप आहे का, हे पुन्हा तपासावे लागते.