साहेबांना सीसीत कधी घ्यावे?

भोसरीतला एक छोटा कारखाना घ्या. पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो आणि एका मोठ्या कंपनीला पुरवतो. बिल अडकले आहे. हिशेब पाहणारी कर्मचारी तिसऱ्यांदा आठवणीचा मेल लिहायला बसते आणि सीसीच्या रकान्याशी येऊन थांबते. आपल्या संचालकांचे नाव इथे घालावे का? घातले तर समोरचा हलेल का? की ‘एवढ्याशा बिलासाठी डायरेक्टरला मध्ये आणलं’ म्हणून चिडेल?

मराठी माणसाला हा प्रश्न ईमेलच्या आधीपासून ओळखीचा आहे. सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ असते, आणि अनुभवी कारकून पत्र हाती येताच आधी तळ वाचतो. प्रत कुणाकुणाला गेली आहे, यावरून मजकुराची निकड ठरते. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, अर्थात तीच जुनी कार्बनची प्रत. फरक एवढाच की, कार्बन लावून प्रती काढायला कष्ट पडत, म्हणून त्या मोजून काढल्या जात. आता एक नाव टंकायला दोन सेकंद लागतात, आणि त्यामुळेच सीसीची किंमत उतरली आहे.

आता हिशेब मांडू. 3 जूनला 500 नग पोचले, दर 960 रुपये, म्हणजे 4,80,000 रुपये. जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवू. करारात मुदत 45 दिवसांची, ती 18 जुलैला संपली. ही मुदत फक्त करारातली नाही. सूक्ष्म आणि लघू उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे 45 दिवसांच्या पलीकडे थकवता येत नाहीत, असे 2006 चा एमएसएमईडी कायदा सांगतो. लेखी करारच नसेल तर मुदत 15 दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते.

कायदा इतका बाजूने असताना संचालकांचे नाव लगेच का घालू नये? कारण बहुतेक बिले कुणाच्या दुर्लक्षामुळे अडकत नाहीत, ती कागदामुळे अडकतात. मोठ्या कंपनीत बिल, खरेदीचा आदेश म्हणजे पीओ आणि स्टोअरने माल उतरवून घेतल्याची नोंद म्हणजे जीआरएन, या तिन्हींचा मेळ बसला की मगच बिल पुढे सरकते. पीओवर एक दर आणि बिलावर दुसरा, जीआरएन झालेलीच नाही, पुरवठादाराने विवरण उशिरा भरल्याने बिल खरेदीदाराच्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसत नाही, अशी कारणे असतात. अशा वेळी संचालकच काय, साक्षात मंत्री सीसीत असले तरी लेखा विभागातला माणूस काही करू शकत नाही. उलट आपल्याच चुकीचे आपल्याच साहेबांसमोर प्रदर्शन होते. म्हणून पहिले काम फोनचे: ‘दादा, बिल बुक झालंय का? नसेल तर कशात अडकलंय?’

आपल्या उदाहरणात फोनवर कळते की 20 नग नाकारले गेले आहेत आणि त्यांची 19,200 रुपयांची डेबिट नोट निघायची आहे. इथे एक बारकावा आहे. खरेदीदाराने माल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली असेल, तर मुदत हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून मोजली जाते. तशी हरकत घेतली नसेल, तर माल पोचला तोच स्वीकृतीचा दिवस. या कारखान्याला लेखी काहीच आले नव्हते, म्हणजे 18 जुलै ही तारीख कायम राहते. कर्मचारी 28 जुलैला डेबिट नोट मान्य करते. देणे उरते 4,60,800 रुपये. बिल बुक होते. या कंपनीत पैसे दर महिन्याच्या 7 आणि 22 तारखेला सुटतात. 7 ऑगस्ट येते आणि जाते, खात्यात काही येत नाही.

आता प्रश्न कागदाचा उरलेला नाही. 22 तारखेच्या यादीत कुणाला घ्यायचे आणि कुणाला पुढे ढकलायचे, एवढाच निर्णय बाकी आहे. कुणीतरी माणूस तो निर्णय घेणार आहे, आणि माणसाच्या निर्णयावर नावाचे वजन पडते. संचालकांना सीसीत घेण्याची वेळ हीच. तीसुद्धा 21 तारखेला नव्हे, कारण तोवर यादी पक्की झालेली असते. 11-12 तारखेला.

पण मेल कुणाला पाठवायचा? आतापर्यंतचे मेल समोरच्या लेखा सहायकाला जात होते. त्याच मेलमध्ये अचानक इकडचे संचालक उगवले, तर त्या बिचाऱ्याला ती तक्रार वाटते. तो बचावासाठी आपल्या साहेबांना सीसीत घेतो, ते खरेदी विभागाला घेतात, आणि दोन दिवसांत दहा जणांच्या मेलमध्ये फक्त कुणाची चूक होती याची चर्चा रंगते. संचालकांचे वजन वापरायचे तर मेल निर्णय घेणाऱ्याच्या नावे हवा. इथे तो वित्त व्यवस्थापक. सहायकालाही सीसीत ठेवावे आणि त्याने केलेल्या कामाचा उल्लेख करावा. तोच पुढची बिले बुक करणार आहे.

मजकूर साधारण असा:

‘विषय: बिल क्र. 118, 4,60,800 रुपये, देय तारीख 18 जुलै.

सर, हे बिल आपल्याकडे बुक झाले आहे. नाकारलेल्या 20 नगांची डेबिट नोट आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने 28 जुलैला मिटली. 7 ऑगस्टच्या पेमेंटमध्ये ते आले नाही. 22 तारखेच्या यादीत घ्यावे, ही विनंती. पुढच्या 600 नगांसाठी पत्र्याची खरेदी 25 ऑगस्टला करायची आहे. त्या खर्चाला आमच्या संचालकांची मंजुरी लागते, म्हणून त्यांना सीसीत घेतले आहे. 19 तारखेपर्यंत कळवल्यास पुढचे नियोजन करता येईल.’

या मेलची सगळी ताकद शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. संचालक सीसीत का आहेत, हे तिथे उघड सांगितले आहे आणि कारण खरे आहे. कारण न देता नाव घातले की वाचणारा स्वतःच कारण शोधतो, आणि त्याला बहुधा धमकी किंवा अविश्वास यांपैकी एक सापडते. डेव्हिड डी क्रेमर यांनी 2017 मध्ये मांडलेल्या अभ्यासात हेच दिसले: सहकारी आपल्या मेलवर दर वेळी वरिष्ठांना सीसीत ठेवतो, हे लक्षात आल्यावर लोकांना आपल्यावर विश्वास नाही असे अधिक वाटले. तो अभ्यास एकाच कार्यालयातल्या सहकाऱ्यांविषयी होता, दोन कंपन्यांमधल्या व्यवहाराविषयी नव्हे. तरी ‘दर वेळी’ हे शब्द लक्षात ठेवावेत. पहिल्या कोटेशनपासून संचालक सीसीत असतील, तर अडचणीच्या दिवशी वाढवायला काही उरत नाही. शिवाय अनेक वरिष्ठ लोक आउटलुकमध्ये नियम लावून ठेवतात, की ज्या मेलमध्ये आपण फक्त सीसीत आहोत ते वेगळ्या फोल्डरमध्ये जावेत. तिकडच्या वित्त व्यवस्थापकाने असे केले असेल, तर तो नुसता सीसीत राहून हा मेल पाहणारही नाही. हेही त्याचे नाव ‘टू’मध्ये घालण्याचे एक कारण.

सगळ्यात जास्त घोटाळा मात्र समोरून होत नाही, तो आपल्याच साहेबांकडून होतो. न विचारता त्यांना सीसीत घेतले, आणि त्यांनी प्रवासात असताना मोबाइलवरून सगळ्यांना उत्तर पाठवले: ‘काही हरकत नाही, महिनाअखेरपर्यंत केलं तरी चालेल.’ झाले. दोन महिन्यांची मेहनत एका ओळीत वाहून गेली. म्हणून मेल जाण्यापूर्वी त्यांना तीन गोष्टी सांगाव्यात: किती रुपये, अडकण्याचे कारण काय, आणि 19 तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर त्यांनी काय करायचे. या उदाहरणात त्यांनी 20 तारखेला तिकडच्या व्यवस्थापकाला फोन करायचा आणि तोवर मेलवर गप्प बसायचे. जुन्या मेलची साखळीही तपासावी. आपसातल्या नफ्याच्या गप्पा किंवा ‘हे लोक नेहमीचेच’ अशी ओळ खाली कुठेतरी दडलेली असते. नवा मेल लिहिणे बरे. आणि साहेबांना गुपचूप बीसीसीत ठेवू नये. त्यांनी चुकून सगळ्यांना उत्तर दिले की लपवाछपवी उघडी पडते.

या मेलमध्ये व्याजाचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर व्याज साडेसोळा टक्क्यांनी, म्हणजे पहिल्या महिन्याचे 6,336 रुपये होते. रक्कम मोठी नाही, पण तो शब्द आला की मेल समोरच्या कायदा विभागात जातो आणि संचालकांच्या नावाचे काम संपते. कायद्याची भाषा पुढच्या पायरीसाठी राखावी. त्या पायरीवर संचालक सीसीत नसतात, पत्रावर त्यांचीच सही असते. कायद्यानुसार रीतसर अर्ज करणे हा त्याच्याही पुढचा टप्पा.

एका काळात मात्र कायदा आणि नाव यांची जोडी छान चालते: फेब्रुवारी-मार्च. आयकर कायद्यात 43बी(एच) या कलमाने आणलेली तरतूद 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू झाली. सूक्ष्म किंवा लघू उत्पादकाचे अथवा सेवा देणाऱ्याचे देणे मुदतीत दिले नाही आणि 31 मार्चपर्यंतही दिले नाही, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळते. निव्वळ व्यापाऱ्यांना आणि मध्यम उद्योगांना याचा उपयोग नाही. ऑगस्टमध्ये या कलमाची आठवण दिली तर वित्त व्यवस्थापक हसेल, कारण मार्चपूर्वी पैसे दिले की त्याची वजावट शाबूत आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र उद्यम नोंदणी क्रमांकासह थकीत बिलांची यादी संचालकांना सीसीत ठेवून पाठवली, तर ती त्याच्या स्वतःच्या कामाची असते. तेव्हा ती तगादा वाटत नाही.

समजा, 22 ऑगस्टला 4,60,800 रुपये जमा झाले. त्याच दिवशी वित्त व्यवस्थापकाला आभाराचा दोन ओळींचा मेल जातो. लेखा सहायकाचे नाव घेऊन, आणि इकडचे संचालक पुन्हा सीसीत. पुढचे बिल जाते तेव्हा सीसीचा रकाना रिकामा असतो.