साखरेची दारे कोण बसवते?

इन्शुलिन ही किल्ली आहे, ती पेशीचे दार उघडते आणि रक्तातले ग्लुकोज आत जाते, असे आपण वर्गात नेहमी सांगतो. आम्हीही अनेक व्याख्यानांत हेच सांगत आलो. एकदा नववीतल्या एका मुलीने विचारले, "मग ग्लुकॅगॉन ते दार बंद करते का?" प्रश्न अगदी तर्कशुद्ध होता. इन्शुलिन साखर कमी करते, ग्लुकॅगॉन वाढवते. एक उघडते म्हणजे दुसरे बंद करत असणार. पण उत्तर 'नाही' असे आहे आणि ते समजावून सांगायचे, तर आधी किल्लीची उपमाच बाजूला ठेवावी लागते.

प्रथम एक सोपा हिशेब करू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमध्ये ९० मिलिग्रॅम ग्लुकोज धरले, तर सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम होते, म्हणजे जेमतेम एक चमचा साखर. आता दोन भाकरी आणि थोडा भात जेवलो, तर पिठूळ पदार्थ सहज ९० ग्रॅम पोटात जातात. पचून त्यांचे जवळजवळ तेवढेच ग्लुकोज होते. ते सगळे रक्तातच साठत गेले असते, तर रक्तातली साखर वीसपट झाली असती. प्रत्यक्षात निरोगी माणसात ती १४० च्या आसपासच थांबते. बाकीचे ग्लुकोज काही यकृत ठेवून घेते आणि मोठा वाटा शरीराच्या स्नायूंमध्ये जातो.

ग्लुकोज पेशीपटलातून आपोआप पाझरत नाही, कारण पटल स्निग्ध पदार्थाचे आणि ग्लुकोज पाण्यात विरघळणारे. त्याला पटलातून जाण्यासाठी एक वाहक प्रथिन लागते. अशा प्रथिनांचे कुटुंबच आहे. मेंदू आणि तांबड्या पेशी यांच्या पटलावर त्यांचे वाहक कायम बसलेले असतात. त्यांना इन्शुलिनची वाट पाहावी लागत नाही. स्नायू आणि मेद यांच्या पेशींत मात्र ग्लूट-४ नावाचा वाहक असतो, आणि आपली गोष्ट त्याचीच आहे.

इन्शुलिन दिल्यावर मेदपेशीत साखर जाण्याचा वेग दहा-वीस पटीने वाढतो, हे पूर्वीपासून माहीत होते. प्रश्न असा की असलेली दारे जास्त उघडतात, की दारांची संख्याच वाढते? १९८० साली अमेरिकेत कुशमन आणि कोनो यांच्या दोन प्रयोगशाळांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याचे उत्तर शोधले. त्यांनी उंदरांच्या मेदपेशी घेतल्या. काहींना इन्शुलिन दिले, काहींना दिले नाही. मग पेशी फोडून, अपकेंद्री यंत्रात फिरवून बाहेरचे पटल आणि आतल्या बारीक पटलपिशव्या वेगळ्या केल्या आणि दोन्हींकडे वाहक किती आहेत ते मोजले. इन्शुलिन न दिलेल्या पेशींत बहुतेक वाहक आतल्या पिशव्यांत सापडले. इन्शुलिन दिलेल्या पेशींत आतले कमी झाले आणि बाहेरच्या पटलावरचे वाढले. म्हणजे दार उघडत नाही; गोदामातले दार आणून भिंतीत बसवले जाते.

आता इन्शुलिन तर पेशीच्या बाहेर राहते. मग आतल्या गोदामाला हुकूम जातो कसा?

इन्शुलिनला पकडणारे ग्राही प्रथिन चार तुकड्यांचे असते. दोन तुकडे पेशीबाहेर, आणि दोन पटलातून आरपार जाऊन आत डोकावणारे. या आतल्या टोकांत एक विकर दडलेले असते. दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवणे हे त्याचे काम. अशा विकरांना कायनेज म्हणतात. बाहेर इन्शुलिन बसले की ग्राहीचा आकार बदलतो, आतली दोन टोके जवळ येतात आणि एकमेकांच्या टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट लावतात. त्यामुळे ती जोरात कामाला लागतात आणि शेजारच्या आयआरएस नावाच्या प्रथिनावर जागोजागी फॉस्फेट लावतात. फॉस्फेट लागलेल्या या जागा म्हणजे जणू खुंट्या. त्यांवर पीआय-३-कायनेज हे विकर येऊन अडकते.

या विकराची गंमत अशी की ते प्रथिनावर नव्हे, तर पटलातल्याच एका स्निग्ध रेणूवर फॉस्फेट लावते. दोन फॉस्फेटच्या रेणूचा तीन फॉस्फेटचा रेणू होतो. त्याला पिप-३ म्हणू या. पटलाच्या आतल्या बाजूवर पिप-३ तयार झाले की पेशीद्रवात मोकळे फिरणारे एकेटी नावाचे कायनेज तिथे येऊन चिकटते, आणि तिथे दुसरी दोन कायनेजे त्यावर फॉस्फेट लावून त्याला पूर्ण जागे करतात. बुरशीपासून मिळणाऱ्या वॉर्टमॅनिन या द्रव्याने पीआय-३-कायनेज बंद पाडले, तर इन्शुलिन भरपूर असूनही ग्लूट-४ जागचा हलत नाही. ही कडी खरोखर साखळीत आहे, हे अशाच प्रयोगांनी पटले.

यापुढची पायरी जरा सावकाश वाचावी, कारण इथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. ग्लूट-४ च्या पिशव्यांना पटलाकडे न्यायचे काम रॅब जातीची लहान प्रथिने करतात. पण एएस-१६० नावाचे एक प्रथिन त्यांना सतत झोपवत असते. तो गाडीचा लागलेला ब्रेक समजा. एकेटी या एएस-१६० वर फॉस्फेट लावते आणि ब्रेक सुटतो. म्हणजे इन्शुलिन इथे गाडीला धक्का देत नाही, ब्रेक काढते. रॅब जागे होतात, पिशव्या पटलापाशी पोचून त्यात मिसळतात आणि वाहक बाहेरच्या बाजूला येतात. हे सगळे काही मिनिटांत घडते. आत आलेल्या ग्लुकोजवर लगेच फॉस्फेट लावले जाते, त्यामुळे त्याला परत बाहेर पडता येत नाही.

जेवण जिरले, इन्शुलिन उतरले की काय होते? पेशीत फॉस्फेट काढून टाकणारी विकरेही असतातच. ती ग्राहीवरचे, पिप-३ वरचे, एएस-१६० वरचे फॉस्फेट उतरवतात. ब्रेक पुन्हा लागतो आणि पटलावरचे वाहक पिशव्यांतून पुन्हा आत ओढले जातात. ते मोडीत निघत नाहीत, पुढच्या जेवणाला तेच वापरायचे असतात. या परतीच्या प्रवासाला ग्लुकॅगॉन लागत नाही. स्नायूपेशींवर ग्लुकॅगॉनचे ग्राही जवळजवळ नसतातच, तेव्हा त्याचा हुकूम तिथे ऐकायलाच कोणी नाही.

(जाता जाता: स्नायू आकुंचन पावू लागले की ग्लूट-४ इन्शुलिनशिवायही पटलावर येतो. त्याचा आतला मार्ग वेगळा आहे आणि तो ग्राहीपाशी सुरू होत नाही. मधुमेह्यांना जेवणानंतर चालायला सांगतात, त्यामागे हे एक कारण आहे.)

मग ग्लुकॅगॉन काय करते? ते यकृताशी बोलते. यकृतपेशीच्या पटलावर ग्लूट-२ हा निराळा वाहक कायम बसलेला असतो, आणि त्यातून ग्लुकोज दोन्ही दिशांना जाऊ शकते. इथे दार हलवण्याचा प्रश्नच नाही. आतला माल कुठल्या बाजूला सरकतो, एवढेच ठरवायचे असते. ग्लुकॅगॉनचा ग्राही पटलातून सात वेळा आरपार गेलेला असतो आणि त्याच्यात स्वतःचे कायनेज नसते. तो एका जी-प्रथिनामार्फत दुसऱ्या विकराला चेतवतो, आणि ते विकर चक्रीय एएमपी हा छोटा रेणू बनवते. हा निरोप्या सदरलंड यांनी १९५० च्या दशकात शोधला. फोडलेल्या यकृतपेशींच्या पटलांना संप्रेरक दिल्यावर त्या मिश्रणात असे काहीतरी तयार होत होते, की ते उकळले तरी त्याचा गुण जात नव्हता. म्हणजे ते प्रथिन असणे शक्य नव्हते. या कामासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चक्रीय एएमपीमुळे पीकेए हे कायनेज सुटे होऊन कामाला लागते. त्याच्यामुळे ग्लायकोजेन तोडणाऱ्या विकरावर फॉस्फेट बसते आणि ते चालू होते. ग्लायकोजेन बांधणाऱ्या विकरावरही फॉस्फेट बसते, पण ते बंद पडते. फॉस्फेट म्हणजे 'चालू' असे मुलांनी पाठ करू नये, म्हणून हे उदाहरण जरूर द्यावे. इन्शुलिन आणि ग्लुकॅगॉन यांची खरी समोरासमोर गाठ पडते ती इथे, यकृतात. इन्शुलिनच्या साखळीतले एकेटी दुसऱ्या वाटेने त्याच बांधणाऱ्या विकरावरचे फॉस्फेट कमी करवते आणि ग्लायकोजेन साठू लागते.

स्नायूंतही ग्लायकोजेन भरपूर असते, पण ग्लुकोजवरचे फॉस्फेट काढणारे विकर स्नायूंत नसते. त्यामुळे स्नायूला आपली साखर रक्तात परत देता येत नाही, यकृताला देता येते. साखर फार उतरून बेशुद्ध झालेल्या मधुमेह्याला ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन देतात. पण तो बराच काळ उपाशी असेल आणि यकृतातले ग्लायकोजेन संपलेले असेल, तर त्या इंजेक्शनचा फारसा उपयोग होत नाही. ग्लुकॅगॉन कुठे काम करते, याचा याहून सरळ पुरावा नाही.

या कामाच्या वाटणीचा एक बोलका पुरावा ग्रीनलंडमध्ये मिळाला. तिथल्या इन्युइट लोकांमध्ये एएस-१६० च्या जनुकात एक असा बदल आहे, की स्नायूंमध्ये हे प्रथिन अर्धवटच तयार होते. जनुकाच्या प्रतींपैकी सुमारे १७ टक्के प्रती अशा आहेत, आणि शंभरात तीन-चार माणसांना आई-वडील दोघांकडूनही अशीच प्रत मिळते. हा शोध २०१४ साली प्रसिद्ध झाला. ब्रेकच नाही, तर दारे कायम बाहेर राहतील आणि साखर कमी होईल, असे वाटेल. झाले उलटेच: या माणसांच्या स्नायूंत ग्लूट-४ मुळातच कमी भरला. सुटायला ब्रेकही नाही आणि गोदामात मालही थोडा. त्यांना मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट आढळली.

पण खरी लक्ष देण्याची गोष्ट पुढे आहे. ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासले, तर त्यांची साखर इतरांपेक्षा सरासरी ७० मिलिग्रॅमच्या आसपास जास्त निघाली. उपाशीपोटीची साखर मात्र वाढलेली नव्हती, उलट किंचित कमीच होती. आता हे कोडे आपल्याला सोडवता येते. रात्रभर उपाशी असताना साखर किती राहील, हे यकृत ठरवते, आणि यांचे यकृत ठीक आहे. जेवणानंतरचा लोंढा पोटात घ्यायचा तो स्नायूंनी, आणि त्यांच्या भिंतीत दारे कमी आहेत. आपल्याकडच्या नेहमीच्या मधुमेहात बहुधा दोन्हीकडे बिघाड असतो: स्नायूंत आयआरएसपासूनची साखळी मंद होते, आणि यकृत ग्लुकॅगॉनचे ऐकून नको तेव्हा साखर सोडत राहते. म्हणून दोन्ही आकडे चढतात. ग्रीनलंडच्या या माणसांची केवळ उपाशीपोटी तपासणी केली, तर त्यांच्यातल्या अनेकांचा मधुमेह कागदावर दिसतच नाही; त्यासाठी ग्लुकोज पाजून दोन तास थांबावे लागते.