वजनावर बिल, कचऱ्यावर खर्च

नगरपरिषदेच्या सभेपुढे घंटागाडीच्या वाढीव दराचा विषय आला, की डिझेल आणि मजुरीवर चर्चा होते. खरी गोम बिलात असते. ठेकेदाराला टनामागे पैसे मिळत असतील, तर ओला कचरा, माती, राडारोडा एकत्र भरण्यातच त्याचा फायदा. वजनकाट्याची पावसाळ्यातली बिलं एकदा उन्हाळ्यातल्या बिलांशी ताडून पाहावीत.

घरामागे दर ठरवला तर हा मोह जातो. पण गाडी आली नाही तर कापायचे पैसे करारात लिहावे लागतात. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरांकडून थेट शुल्क घेते आणि भंगारही विकते. पालिकेचा भार हलका होतो, मात्र गरीब वस्तीत वसुली अडते. तिथली तूट पालिकेनेच भरावी.