नवागत रुग्णासाठी एक पान : वैद्याच्या संकेतस्थळाची रचना

जुन्या रुग्णाने आपल्या आप्ताला वैद्याचे नाव सांगावे आणि त्या आप्ताने चिकित्सालयाची वाट धरावी, हा क्रम अद्याप टिकून आहे. मात्र नाव ऐकणे आणि पायरी चढणे यांच्या मध्ये आता एक टप्पा आला आहे. ते नाव प्रथम भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शोधले जाते. तेथे जुना पत्ता, बंद पडलेला क्रमांक किंवा परस्परविरोधी वेळा आढळल्या, तर भंडाऱ्याहून निघू पाहणारा रुग्ण निघतच नाही, किंवा निघून बंद दाराशी पोहोचतो. या टप्प्यावर वैद्याने स्वतःच्या नावाचे एक साधे पान कसे उभे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. अनेक विभागांचे, लेखसंग्रहाचे मोठे संकेतस्थळ येथे अभिप्रेत नाही. एकच पान पुरेसे आहे. त्याचे कार्यही एकच : नवागताने ते वाचून भेटीची वेळ ठरवावी.

पानावर काय असावे

विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. धरमपेठेत शंकरनगर चौकानजीक एका वैद्यांचे चिकित्सालय आहे. वेळ सकाळी १० ते १ आणि सायंकाळी ६ ते ९. रविवार पूर्ण बंद, गुरुवारी सायंकाळी बंद. पंचकर्म केवळ पूर्वनियोजित वेळेस. रुग्णांत नागपूरकर आहेतच, शिवाय वर्धा, भंडारा आणि सीमेपलीकडील छिंदवाडा, शिवनी व बालाघाट येथूनही लोक येतात.

अशा पानावर येणाऱ्याच्या मनात चार प्रश्न ठरावीक क्रमाने उठतात. मला सांगितलेले वैद्य हेच का? ते माझ्यासारख्याला तपासतात का? कुठे आणि केव्हा? आता मी काय करावे? पानाची मांडणी याच क्रमाने केली, म्हणजे वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि एक स्वच्छ छायाचित्र यांनी होते. नोंदणी क्रमांकाबरोबर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचे नावही लिहावे, कारण परिषदेवाचून नुसता आकडा पडताळता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाला दोन वाक्ये पुरतात : ‘प्रौढ व बालक, दोहोंची तपासणी होते. पंचकर्म तपासणीनंतर ठरविलेल्या दिवशी केले जाते.’ तिसऱ्यासाठी पत्ता आणि वेळापत्रक. पत्त्यात घर क्रमांकापेक्षा खूण अधिक उपयोगी पडते. ‘शंकरनगर चौक मेट्रो स्थानकावरून पायी’ असे लिहिले, की बुटीबोरीकडून किंवा रेल्वे स्थानकावरून येणाऱ्याचा अर्धा गोंधळ संपतो. बंद असलेले वारही स्पष्ट लिहावेत. केवळ उघडण्याच्या वेळा दिल्या, तर रविवारचा प्रश्न दूरध्वनीवर येतोच.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर हे पानाचे खरे प्रयोजन आहे आणि ते एकच असावे. काही पानांवर दूरध्वनी, संदेश, विपत्र आणि अर्ज अशी चार दारे एकदम उघडी ठेवलेली दिसतात. नवागत त्यांत थबकतो, आणि वैद्याला चार ठिकाणी लक्ष ठेवावे लागते. परिणामी एखाद्या दाराशी आलेला रुग्ण अनुत्तरित राहतो. आपण ज्या मार्गाने खरोखर उत्तर देतो तोच मार्ग ठेवावा. आमच्या उदाहरणात तो दूरध्वनी आहे. त्याखाली तीन छोट्या ओळी असाव्यात : नवीन रुग्णास सुमारे ४५ मिनिटे लागतात, येताना जुने तपासणी-अहवाल व चालू औषधे आणावीत, प्रथम भेटीचे शुल्क इतके आहे. दुरून येणाऱ्याला या ओळी अधिक उपयोगी पडतात. छिंदवाड्याकडील रुग्णांसाठी हाच मजकूर खाली हिंदीत दिला, तर पान लांबत नाही आणि समजही वाढते.

संदेशाचा मार्ग ठेवायचाच असेल, तर एक दक्षता अनिवार्य आहे. रात्री ११ वाजता छातीत दुखत असलेला मनुष्य संदेश पाठवून उत्तराची वाट पाहत बसू शकतो. म्हणून संदेश केव्हा वाचले जातात ते लिहावे आणि लगेच खाली ‘तातडीच्या आजारात १०८ ला दूरध्वनी करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे’ ही ओळ ठेवावी. तसेच रोगाचे वर्णन भरून मागणारा अर्ज पानावर ठेवू नये. ती माहिती कोठे साठते आणि कोण वाचते, यावर बहुधा वैद्याचे नियंत्रण नसते.

पत्रकाचे छायाचित्र म्हणजे पान नव्हे

मुद्रणालयाकडून आलेले पत्रक जसेच्या तसे चित्ररूपाने पानावर चढविणे, हा आपल्याकडील सर्वांत सामान्य दोष आहे. चित्रातील क्रमांकावर बोट ठेवले तरी दूरध्वनी लागत नाही, आणि नाव शोधणाऱ्याला ते पान सहसा सापडत नाही. दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर पानावर उतरविला, की ज्या यंत्रावर तो टंक नाही तेथे त्याची रोमन चिन्हांची खिचडी होते. परीक्षा सोपी आहे. पान उघडून ‘वैद्य’ हा शब्द शोधावा. डोळ्यांना दिसत असूनही तो शोधात सापडला नाही, तर मजकूर युनिकोडमध्ये नाही, किंवा ते चित्रच आहे. अशा वेळी मजकूर नव्याने टंकित करून घ्यावा.

पान तयार करणाऱ्याकडून पुढील दोन ओळी पानाच्या आरंभी असल्याची खात्री करून घ्यावी. पहिलीमुळे देवनागरी अक्षरे नीट वाचली जातात. दुसरीमुळे पान भ्रमणध्वनीच्या रुंदीत बसते, अन्यथा अक्षरे मुंगीएवढी दिसतात.

```
<meta charset="utf-8">
<meta name="viewport" content="width=device-width, initial-scale=1">
```

दूरध्वनीची कळ अशी लिहिली जाते. फुल्यांच्या जागी दहा अंकी क्रमांक येतो.

```
<a href="tel:+91XXXXXXXXXX">वेळ ठरविण्यासाठी दूरध्वनी करा</a>
```

व्हॉट्सॲपचा दुवा ठेवल्यास तो `https://wa.me/91XXXXXXXXXX` असा असतो. यात अधिकचे चिन्ह, आरंभीचे शून्य किंवा मधली जागा चालत नाही. दुवा उघडत नसेल, तर प्रथम हेच तपासावे. छायाचित्राविषयी एवढेच, की भ्रमणध्वनीने काढलेले चित्र पुष्कळदा ३-४ एमबीचे असते. ते २०० केबीच्या आत आणून मगच लावावे. खेड्यातील क्षीण जोडणीवर मोठे चित्र उतरेपर्यंत वाचणारा निघून जातो.

पत्ता स्वतःच्या नावावर

गुगलच्या व्यवसाय-नोंदीबरोबर पूर्वी एक विनामूल्य पान मिळत असे आणि अनेकांनी त्याचाच पत्ता चिठ्ठीवर छापला होता. मार्च २०२४ मध्ये गुगलने ती पाने बंद केली. १० जून २०२४ पर्यंत ते पत्ते मूळ नोंदीकडे वळविले जात होते, त्यानंतर ती सोयही संपली. छापलेल्या चिठ्ठ्या मात्र लोकांच्या घरी राहिल्या. यास्तव स्वतःचे नाव विकत घ्यावे. `.in` या अखेरीचे नाव वार्षिक शुल्कावर मिळते.

येथे एक गोष्ट विशेष जपावी. पान करून देणारा पुष्कळदा ते नाव स्वतःच्या खात्यावर नोंदवितो. पुढे तो गाव सोडतो किंवा व्यवसाय बदलतो, नूतनीकरण चुकते आणि मुदतीनंतर ते नाव दुसऱ्या कोणालाही घेता येते. म्हणून नोंदणी वैद्याच्या नावे, वैद्याच्या विपत्रावर असावी आणि नूतनीकरणाचा दिनांक चिकित्सालयाच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावा. नाव निवडताना ते दूरध्वनीवर एकदा उच्चारून पाहावे. ऐकणाऱ्याला रोमन लिपीत ते एकाच प्रकारे लिहिता आले पाहिजे.

पाटीची सवलत पानाला नाही

औषधी द्रव्ये व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याचा येथे प्रत्यक्ष संबंध येतो. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, अपस्मार, पक्षाघात, स्थौल्य, हृद्रोग इत्यादी विकार आहेत. या विकारांवर अमुक औषध उपयोगी, असे सुचविणारी जाहिरात कलम ३ अन्वये निषिद्ध आहे. जाहिरातीची व्याख्याही विस्तृत आहे. सूचनापत्र, परिपत्रक, वेष्टन यांपासून प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साधनांनी केलेल्या घोषणेपर्यंत सर्व काही तिच्यात येते.

कलम १४ मध्ये मात्र एक सवलत आहे. नोंदणीकृत वैद्यकाने आपल्या जागेवर लावलेली पाटी किंवा सूचना, जिच्यात तेथे अशा विकारांची चिकित्सा केली जाते एवढेच म्हटले आहे, ती या बंधनातून मुक्त आहे. सवलतीचे शब्द जागेवर लावलेल्या पाटीपुरते आहेत. त्यामुळे दारावरच्या पाटीवरील रोगांची यादी उतरवून पानावर घालणे आणि तीच सवलत येथेही लागू आहे असे धरणे, हे धोक्याचे आहे. ‘सर्व रोगांवर खात्रीशीर उपाय’ यासारखी वाक्ये तर मुळीच नकोत. रुग्णांची प्रशस्तिपत्रे आणि चिकित्सेपूर्वीची व नंतरची छायाचित्रेही टाळावीत, असे आमचे मत आहे. वर मांडलेल्या चार प्रश्नांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

औषधी दुकानाच्या पानालाही हाच दंडक लागू करावा. ‘चंद्रप्रभा वटी उपलब्ध’ हे वाक्य साठ्याची माहिती देते. ‘मधुमेहावर चंद्रप्रभा वटी’ म्हणताच ते वाक्य निषिद्ध कक्षेत जाते. दुकानाच्या पानावर वेळ, खूण, उपलब्ध उत्पादकांची नावे आणि ‘चिठ्ठीचे छायाचित्र पाठवून साठा विचारा’ ही एक कळ असली, की ग्राहकाचे काम भागते.

प्रसिद्धीपूर्वीची परीक्षा

पान लोकांपुढे ठेवण्यापूर्वी ते चिकित्सालयाशी अपरिचित अशा एखाद्या व्यक्तीच्या भ्रमणध्वनीवर, घरच्या वाय-फायविना उघडून द्यावे आणि दोन प्रश्न विचारावेत : येत्या गुरुवारी सायंकाळी यावे का? नवीन रुग्णाने प्रथम काय करावे? अर्ध्या मिनिटात दोन्ही उत्तरे आली नाहीत, तर चूक वाचणाऱ्याची नसून मांडणीची आहे. त्यानंतर त्याच व्यक्तीला कळ दाबायला सांगावे आणि स्वागतकक्षातील दूरध्वनी वाजतो का, हे पाहावे.

पुढे दर तीन महिन्यांनी क्रमांक, वेळा आणि शुल्क पडताळावे. दिवाळीची सुटी किंवा परगावी जाणे असेल, तर ती ओळ पानाच्या अगदी वर लिहावी आणि परतल्यावर काढून टाकावी. स्वागतकक्षातील सहायकाने प्रत्येक नवीन रुग्णाला ‘आमचा पत्ता कोठून मिळाला?’ असे विचारून नोंदवहीत एका रकान्यात टिपावे. तीन महिन्यांच्या नोंदींवरून पान कामी येते की नाही, हे कळते. पान पाहूनही लोक पुन्हा जी गोष्ट दूरध्वनीवर विचारतात, ती पानावर एकतर नाही किंवा सापडत नाही, असे समजून तेवढीच दुरुस्ती करावी.