पेर्त की वोल? हॉटेलच्या काउंटरवरची सात ओळींची चिठ्ठी

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पॅरिसहून मावसबहीण बोलत होती. तिकडे तेव्हा शुक्रवारचे रात्रीचे पावणेअकरा होत होते. "ताई, पासपोर्ट सापडत नाहीये. सगळ्या बॅगा उलट्या केल्या. खाली काउंटरवर कोणी नाही, नुसता एक मोबाइल नंबर लिहिलाय. मी त्यावर मेसेज टाकतेय, बघ बरोबर आहे का."

मी पुण्यात वीसेक वर्षं फ्रेंच शिकवते, त्यामुळे नातेवाइकांच्या परदेशवाऱ्यांत मला अशी कामं लागतात. तिने फोनमधल्या भाषांतरावरून दोन वाक्यं तयार केली होती. पहिल्यात ‘ओ स्कूर’ होतं, दुसऱ्यात पासपोर्ट ‘व्होले’ झाल्याचं म्हटलं होतं. ‘ओ स्कूर’ म्हणजे ‘वाचवा!’ बुडणाऱ्या किंवा आगीत अडकलेल्या माणसाची ती हाक. आणि ‘व्होले’ म्हणजे चोरीला गेला. पासपोर्ट चोरीला गेला होता का, हे तर तिलाच ठाऊक नव्हतं.

मी तिला म्हटलं, पाठवू नकोस, पाच मिनिटं थांब.

पॅरिसच्या हॉटेलात काउंटरवरच्या माणसाला इंग्रजी कामापुरतं येतंच. मग फ्रेंचचा अट्टहास कशाला? कारण असा मेसेज एका माणसापाशी थांबत नाही. रात्रपाळीचा माणूस तो सकाळच्या पाळीला पुढे पाठवतो, तिथून तो खोल्यांच्या साफसफाईवर देखरेख ठेवणाऱ्या बाईंकडे जातो, कधी एखाद्या दुकानात फोनवरून वाचून दाखवला जातो. या साखळीत इंग्रजी न येणारी दोन-तीन माणसं हमखास असतात, आणि प्रत्येक हातातून जाताना मजकूर थोडा थोडा बदलतो. फ्रेंचमध्ये लिहिलेला मजकूर आहे तसाच पुढे सरकतो.

आम्ही शेवटी पाठवला तो मेसेज असा:

```
Bonsoir,
URGENT : chambre 412. J'ai perdu mon passeport indien.
Je l'ai vu pour la dernière fois mercredi, à la réception, vers 15 h.
Pouvez-vous vérifier au comptoir et demander à la gouvernante ?
Sinon, où est le commissariat le plus proche, s'il vous plaît ?
Mon avion part lundi à 13 h 20.
Merci d'avance.
```

मराठीत सांगायचं तर: नमस्कार. तातडीचं आहे, खोली ४१२. माझा भारतीय पासपोर्ट हरवला आहे. शेवटचा पाहिला तो बुधवारी, रिसेप्शनवर, तीनच्या सुमारास. काउंटरवर बघाल का, आणि साफसफाईच्या मुख्य बाईंना विचाराल का? नसेल तर सर्वांत जवळचं पोलीस ठाणं कुठे आहे? माझं विमान सोमवारी १३.२० ला आहे. आगाऊ आभार.

पहिला शब्द ‘बाँस्वार’, म्हणजे शुभ संध्याकाळ. घर जळत असलं तरी फ्रान्समध्ये आधी अभिवादन करायचं. ते गाळलं तर पुढचं सगळं हुकूम सोडल्यासारखं वाटतं. हा काही फ्रेंचांचा नखरा नाही. आपल्याकडेही अनोळखी माणसाला ‘अहो’ न म्हणता थेट काम सांगितलं तर भुवया वर जातातच की.

‘जे पेर्द्यू’, मी हरवला आहे, पासपोर्ट. इथे एक बारीक खाच आहे आणि मराठी माणसाला ती चटकन कळते. ‘माझा पासपोर्ट हरवला’ आणि ‘मी हरवले’ यांत आपण जो फरक करतो, तोच फ्रेंचही करते. ‘जे पेर्द्यू’ म्हणजे वस्तू हरवली, ‘ज स्वी पेर्द्यू’ म्हणजे मीच वाट चुकले. घाईत दुसरं लिहिलं की समोरचा शहराचा नकाशा काढून देतो.

मात्र खरा घोळ होतो तो ‘वोल’ या शब्दाने. हरवणं म्हणजे ‘पेर्त’, चोरी म्हणजे ‘वोल’. आणि विमानाचं उड्डाण? तेही ‘वोल’च. उडणं आणि चोरणं या दोन्हींसाठी फ्रेंचमध्ये एकच क्रियापद आहे. ससाण्याने उडत जाऊन भक्ष्य टिपायचं, त्या शिकारी बोलीतून चोरीचा अर्थ आला असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. कथा मजेदार असली तरी पासपोर्ट गेल्याच्या रात्री तिचा उपयोग नाही. ‘माझा वोल सोमवारी’ असं लिहिलं तर बहुतेक वेळा संदर्भाने कळतं, पण ज्या मेसेजमध्ये चोरी की हरवणं हाच प्रश्न आहे, तिथे हा शब्द नकोच. म्हणून शेवटून दुसऱ्या ओळीत ‘माझं विमान निघतं’ असं सरळ लिहिलं.

पेर्त की वोल, यावर पुढचे कागदही ठरतात. हरवला असेल तर परदेशी माणूस पोलीस ठाण्यात, म्हणजे ‘कॉमिसारिया’त, हरवल्याचं निवेदन देतो. त्याची जी पोच मिळते तिला ‘रेसेपिसे’ म्हणतात. चोरी असेल तर रीतसर तक्रार नोंदवावी लागते, आणि मग कुठे, कधी, कोणावर संशय, असे प्रश्न येतात. हरवलेल्या वस्तूला चोरी म्हणून सांगितलं की पोलिसांसमोर न घडलेली गोष्ट रचून सांगायची वेळ येते.

‘दमाँदे’ पाहून इंग्रजी येणारे दचकतात. ती मागणी नव्हे, ‘विचारणं’ आहे. आणि ‘गुव्हेर्नांत’ म्हणजे खोल्या आवरणाऱ्यांची प्रमुख. चादरींच्या गठ्ठ्यात गेलेली वस्तू काउंटरवरच्या माणसाला सापडत नाही, या बाईंना सापडते. म्हणून तिचं नाव मेसेजमध्ये हवंच.

वेळ २४ तासांच्या घड्याळाने, खोलीचा नंबर आकड्यांत. फ्रेंचमध्ये नव्वदला ‘चार विसा दहा’ म्हणतात, तेव्हा खोलीचा नंबर तोंडी सांगण्याच्या भानगडीत पडू नये. हाताने लिहायचं असेल तर एकाला वर लांब शेपटी आणि साताला मध्ये आडवी रेघ द्यावी, कारण तिकडच्या डोळ्यांना आपला साधा सात एकासारखा दिसतो. नाव लिहायची वेळ आली तर ‘नों’ म्हणजे आडनाव आणि ‘प्रेनों’ म्हणजे पहिलं नाव. आपल्या पासपोर्टांवर पहिल्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं किंवा वडिलांचं नावही बसलेलं असतं, आणि बुकिंग त्यातल्या कुठल्या नावावर आहे ते हॉटेलवाल्याला शोधावं लागतं. खोलीचा नंबर हा त्यावरचा उतारा.

मेसेज गेला. बहिणीने तेवढ्यात विचारलं, "ताई, हॉटेलने चेक-इनला पासपोर्ट घेतला होता. त्यांच्याकडे झेरॉक्स असेलच ना?"

अनेकांची अशीच समजूत असते. फ्रान्समध्ये परदेशी पाहुण्याकडून हॉटेलला एक पोलीस-पत्रक भरून घ्यावं लागतं आणि ते सहा महिने ठेवावं लागतं. त्यात नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, राष्ट्रीयत्व, पत्ता, फोन, येण्याजाण्याच्या तारखा असतात. पासपोर्टचा नंबर त्या यादीत नाही. एखाद्या हॉटेलने प्रत काढून ठेवलेली असते, पण त्यावर विसंबू नये. तिच्या फोनमध्ये पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो होता. व्हिसाच्या पानाचा मात्र नव्हता, आणि पासपोर्टसोबत व्हिसाही जातो हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. विमानतळावर सीमा पोलिसांना ‘मी कायदेशीर आले होते’ हे दाखवायला तोच फोटो कामी येतो. भावजी घरच्या मेलमध्ये व्हिसाची प्रत शोधायला बसले.

"आत्ताच पोलिसांत जाऊ का?" तिचा पुढचा प्रश्न.

मी नको म्हटलं, आणि त्याला कारण होतं. हरवल्याचं निवेदन दिलं आणि दूतावासाने त्यावर काम सुरू केलं की तो पासपोर्ट रद्द होतो. हरवलेल्या कागदपत्रांची इंटरपोलची नोंदवही २००२ पासून आहे, देशोदेशीचे सीमा अधिकारी ती पाहतात. रद्द झालेला पासपोर्ट दुसऱ्या दिवशी उशीखाली सापडला तरी तो घेऊन प्रवास करता येत नाही. म्हणून सोमवारचं विमान असताना शुक्रवारची रात्र शोधण्यात घालवणं परवडतं, शनिवारची दुपार मात्र नाही.

नाहीच सापडला, तर काय? शनिवारी पोलिसांची पोच घ्यायची. भारतीय दूतावास पॅरिसच्या सोळाव्या विभागात आहे. शनिवार-रविवारी तिथली खिडकी बंद असते, पण अडलेल्या नागरिकांसाठीचा फोन नंबर दूतावासाच्या संकेतस्थळावर असतो. तिथे पोच, फोटो, जुन्या पासपोर्टची प्रत आणि विमानाचं तिकीट दाखवून ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मागायचं. हा भारतात परत येण्यापुरता, एकाच फेरीचा कागद. त्यावर पुढे स्वित्झर्लंड पाहून येऊ, असं होत नाही.

सव्वाअकराला उत्तर आलं, तेही तीनच ओळींचं. काउंटरवर काही नाही. गुव्हेर्नांत सकाळी सातला येतील. आणि शेवटी एक प्रश्न: तुम्ही ‘देताक्स’ केलं होतं का?

मला हसूच आलं. देताक्स म्हणजे पर्यटकाला खरेदीवरचा कर परत मिळण्याची सोय. एका दुकानात शंभर युरोंच्या वर खरेदी झाली की तो अर्ज भरता येतो, आणि त्यासाठी दुकानदार पासपोर्ट मागतो. तो मशीनवर ठेवतो, मागे रांग असते, हातात चार पिशव्या असतात. रात्रपाळीच्या त्या माणसाने हे नाटक बहुधा अनेकदा पाहिलेलं होतं. मेसेजमध्ये ‘बुधवारी शेवटचा पाहिला’ हे वाचून त्याने मधल्या दोन दिवसांत पासपोर्ट कुठे कुठे लागला असेल याचा विचार केला. नुसतं ‘मदत करा’ लिहिलं असतं तर तो पोलीस ठाण्याचा पत्ता देऊन मोकळा झाला असता.

बहीण दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "गुरुवारी. अत्तरं घेतली."

दुकानाच्या पावतीवर फोन नंबर होता. शनिवारी दहाला दुकान उघडलं आणि हॉटेलच्या सकाळच्या पाळीतल्या मुलीने तिथे फोन लावला. पासपोर्ट कॅशियरच्या खणात होता, रबरबँड लावून.

बहीण धावत गेली. काउंटरवरच्या बाईंनी अगदी नियमाने विचारलं, वस्तू देण्याआधी ओळखपत्र दाखवा. हिने त्यांच्याच हातातल्या पासपोर्टाकडे बोट दाखवलं. बाईंनी पान उघडलं, फोटो पाहिला, हिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि रजिस्टर पुढे सरकवलं. ओळखपत्राच्या रकान्यात हिने त्याच पासपोर्टचा नंबर लिहिला.