गच्चीवरच्या टोमॅटोची पाच मिनिटे

गच्चीवर भाजी कशी लावायची हे शिकवणाऱ्या व्हिडिओची संहिता दोन उभ्या रकान्यांत लिहितात. डावीकडे पडद्यावर काय दिसणार ते, उजवीकडे त्या वेळी काय ऐकू येणार ते. सावकाश, समजावून बोलायचे तर मिनिटाला ११०-१२० शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांच्या व्हिडिओला जेमतेम ६०० शब्द मिळतात. एवढ्यात अख्खी बाग बसत नाही. एका बादलीतले टोमॅटोचे एक झाड मात्र बियांपासून फळापर्यंत नीट बसते, आणि ते ज्याला जमले त्याला वांगी-मिरची फारशी अवघड जात नाही.

टोमॅटोला बी पेरल्यापासून पहिले फळ पिकेपर्यंत तीन-साडेतीन महिने लागतात. त्यामुळे पाच मिनिटांचे चित्रीकरण चार वेगवेगळ्या दिवशी करावे लागते: पेरणीला, रोप बादलीत लावताना, झाड बांबूला बांधताना आणि फळ धरल्यावर. उजवा रकाना मात्र पहिल्या दिवसाआधीच पुरा लिहिलेला असावा. तो नसेल तर रोप लावतानाची एखादी महत्त्वाची हालचाल चित्रित करायची राहून जाते, आणि ती पुन्हा मिळवायला दुसरे रोप तयार होईपर्यंत थांबावे लागते.

बहुतेक संहिता साहित्याच्या यादीपाशी अडखळतात. ‘२० लिटर क्षमतेची बादली १, माती ५ लिटर, सेंद्रिय खत ५ लिटर, निंबोळी पेंड १०० ग्रॅम’ ही यादी कागदावर चोख आहे. ती मोठ्याने वाचली की तिसऱ्या आकड्यापाशी ऐकणाऱ्याचे लक्ष सुटते. कानाला वस्तू आणि माप एकत्र हवे असते, आणि वस्तू हातात दिसत असतानाच हवे असते. तीच यादी बोलण्यात साधारण अशी येते:

“घराला रंग दिला की वीस लिटरची मोठी बादली उरते ना, ती घ्यायची. आत रंग चिकटलेला असेल तर खरवडून, धुऊन काढायचा. बुडाला बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडायची. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन वरून कापला की आपलं माप तयार. एक कॅन माती. एक कॅन शेणखत, पण चांगलं कुजलेलं, हातात घेतलं तर वास न येणारं. नसेल तर गांडूळखत. आणि ही कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट. हिच्यावर पाणी ओतलं की फुगून आठ-नऊ लिटर होते, ती सगळी. वरून दोन मुठी निंबोळी पेंड. पेंड मिळाली नाही तर अडत नाही. आणि पाच फुटांचा एक बांबू आत्ताच हाताशी ठेवा.”

इथे सगळ्याला एकच माप आहे, तेलाचा कॅन. एखादी वस्तू नसेल तर काय करायचे तेही त्या वस्तूला लागूनच आले आहे. बांबूचा उल्लेख लवकर वाटतो, कारण झाड बांधायची वेळ तीन आठवड्यांनी येते. पण तेव्हा खोचलेला बांबू मुळे तोडत खाली जातो, म्हणून तो रोपासोबतच रोवावा लागतो. पूर्ण यादी लेखी हवीच असेल तर ती शेवटी दहा सेकंद पडद्यावर ठेवावी, म्हणजे बाजारात जाणाऱ्याला तिचे छायाचित्र काढून घेता येते.

कोकोपीटबद्दल एक वाक्य यादीतच जोडावे लागते. नारळाच्या काथ्याच्या या भुशात बऱ्याचदा क्षार असतात. वीट भिजवून, पिळून, ते पाणी टाकून पुन्हा एकदा धुतली नाही तर कोवळ्या रोपाच्या पानांच्या कडा करपतात, आणि माणूस पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालत बसतो.

नुसती माती का भरायची नाही, याचे उत्तर वजनात आहे. ओली माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे मातीने भरलेली बादली ३० किलोच्या पुढे जाते. वरच्या मिश्रणाची बादली पाणी पिऊनही १७-१८ किलोवर थांबते. भारतीय मानकांनुसार माणसांची ये-जा असलेली गच्ची दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो जादा भार गृहीत धरून बांधलेली असते. चौरस मीटरमध्ये अशा चार बादल्या ठेवल्या तर ७०-७५ किलो होतात आणि माणसांना वावरायला मुभा उरते. तेवढ्याच बादल्या मातीने भरल्या की जवळजवळ सगळी मर्यादा त्यांनीच खाल्ली. स्लॅबवर विटांचे कठडे रचून फूटभर मातीचे वाफे करण्याची हौस अनेकांना असते. त्या वाफ्याचा भार ५०० किलोच्या पुढे जातो. इमारत जुनी असेल तर स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय बादल्यांचीही रांग लावू नये, आणि गच्ची सोसायटीची असेल तर संमती लेखी घ्यावी. हा सगळा मजकूर संहितेत दोनच वाक्यांत येतो, पण तो बादली उचलून ठेवण्याच्या दृश्यावरच यायला हवा.

ठेवण्याची जागाही ऋतूप्रमाणे बदलते. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, आणि तीन फुटांच्या दक्षिण कठड्याची सावली जवळपास तेवढीच लांब आत येते. त्या कठड्याला चिकटून ठेवलेल्या बादलीला हिवाळाभर दुपारचे ऊन मिळत नाही. झाड उंच, बारीक होते आणि फुले कमी येतात. मेच्या मध्यावर सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा तीच जागा उघडी पडते. टोमॅटोला रोज सहा तास ऊन हवे, म्हणून हिवाळ्यात बादल्या उत्तरेच्या बाजूला सरकवाव्यात.

आता वेळ. व्हिडिओ चित्रित होतो ऑक्टोबरात आणि पाहिला जातो वर्षभर, त्यामुळे ‘आता लावा’ हे शब्द संहितेत निरुपयोगी ठरतात. महिना सांगावा किंवा सण सांगावा. टोमॅटोसाठी एक सोयीची खूण आहे: अनंत चतुर्दशीला गणपती बोळवले की बी पेरायचे, दसऱ्याला रोप बादलीत लावायचे. मधे पितृपक्ष आणि नवरात्र धरून पंचवीस-सव्वीस दिवस जातात, आणि रोपाला पाच-सहा पाने यायला तेवढेच लागतात. अधिक आश्विन आला की हा हिशेब कोलमडतो. २०२० साली अनंत चतुर्दशी १ सप्टेंबरला होती आणि दसरा २५ ऑक्टोबरला, म्हणून खुणेसोबत दिवसांचा आकडाही सांगून टाकावा.

लावणीच्या दृश्यात जवळून दाखवण्यासारखी एकच गोष्ट आहे. रोपाची खालची पाने काढून देठ पहिल्या पानापर्यंत मातीत पुरायचा. टोमॅटोच्या देठाला मातीत नवी मुळे फुटतात, त्यामुळे उंच वाढलेले रोपसुद्धा असे पुरले की धरते. मिरची-वांग्याला हे आपसूक लागू होत नाही, तेवढे सांगून पुढे जावे. बादली दोन विटांवर ठेवायची, म्हणजे भोकांतून पाणी मोकळे वाहते आणि स्लॅब खाली ओला राहत नाही.

पाण्याचा नियम दिवसांत सांगण्यापेक्षा बोटाने सांगणे बरे: तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायची, कोरडे लागले तरच पाणी. दुपारी पाने लोंबली आणि संध्याकाळी सावरली तर ते उन्हाचे काम. सकाळीच लोंबलेली दिसली तर बोट घालून पाहायचे; माती ओलीच असेल तर मुळे कुजत आहेत आणि आणखी पाणी म्हणजे झाडाचा अंत.

फळ धरल्यावर हमखास एक तक्रार येते. हिरव्या टोमॅटोच्या बुडाशी पाणचट डाग पडतो, मग तो तपकिरी-काळा होऊन चामड्यासारखा आत दबतो. लोक औषध फवारतात, पण ही कीडही नाही आणि बुरशीही नाही. दोन दिवस कोरडे, मग एकदम बादलीभर, असे पाणी मिळाले की मुळांकडून फळाच्या टोकापर्यंत पुरेसे कॅल्शियम पोहोचत नाही, आणि तिथली पेशी मरते. बादलीत हे जमिनीपेक्षा लवकर होते, कारण ओल साठवायला माती थोडी असते. डागाळलेली फळे तोडावीत, मातीवर वाळलेल्या पानांचा दोन इंच थर द्यावा आणि पाणी रोज थोडे पण नेमाने द्यावे. पुढची फळे चांगली येतात. संहितेत या डागाचे चित्र पाच सेकंद तरी स्थिर ठेवावे. नुसत्या वर्णनावरून तो ओळखता येत नाही.

ऋतूच्या सूचना एकगठ्ठा शेवटी ठेवल्या तर तिथवर बघणारे थोडेच उरतात. पावसाळ्याची सूचना बादलीच्या भोकांपाशी द्यावी. जून ते सप्टेंबर बादलीखाली ताटली नको. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंडी आठवडा-दहा दिवसांत डास होतात. पडलेली पाने आणि वाहून गेलेले कोकोपीट गच्चीच्या पन्हाळ्याची जाळी बुजवतात, म्हणून दर मोठ्या सरीनंतर जाळी हाताने साफ करायची. पाऊस खताचा कसही धुऊन नेतो. उघडीप मिळाली की मूठभर गांडूळखत वर टाकायचे. टोमॅटो मुळात पावसाळ्यात न लावलेलाच बरा. ओल्या पानांवर करपा पसरायला वेळ लागत नाही. त्या महिन्यांत भेंडी, गवार, दोडका घ्यावा.

उन्हाळ्याची सूचना जागेच्या दृश्यासोबत जाते. मार्चनंतर तापलेला स्लॅब खालून आणि ऊन बाजूने बादली भाजते, आणि गडद रंगाची बादली सगळ्यात जास्त. दुपारचे तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ लागले की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात. पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली आणि बादलीला गोणपाट गुंडाळले तर झाड तगते, पण फळाची आशा धरू नये. पांढरी माशीही याच दिवसांत वाढते. पाने वरच्या बाजूला वळून वाटीसारखी झाली, शेंडा खुरटला, की तो तिने आणलेला विषाणू असतो आणि त्यावर औषध नाही. ते झाड उपटून पिशवीत बांधून टाकायचे, कंपोस्टच्या पिंपात नाही. चिकट पिवळे सापळे जानेवारीतच टांगले तर माशी किती आहे ते वेळेवर कळते.

मार्चअखेर झाड काढले की बादलीतली माती ओतून तीन-चार दिवस कडक उन्हात पसरायची, त्यात एक कॅन नवे खत मिसळायचे आणि बादली पुन्हा भरायची. तिच्यात लगेच टोमॅटो, वांगे, मिरची किंवा बटाटा नको; ही चारही एका कुळातली असून त्यांचे मुळांचे रोग बहुतांशी सारखेच असतात. चवळी, माठ किंवा अंबाडी पेरावी, आणि टोमॅटोचे बी पुन्हा गणपतीनंतर.