पाहिलेल्या तासांची उतरंड

उदाहरणासाठी नाशिकच्या एका दांपत्याचं पाककृतींचं यूट्यूब चॅनेल घेऊ. चॅनेल कल्पित आहे, आकडेही समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण हिशेबाची पद्धत आणि त्यातले खाचखळगे खरे आहेत. २०२५ या वर्षात दोघांनी ९६ व्हिडिओ टाकले : ४० मोठे, ५० शॉर्ट्स आणि ६ लाइव्ह. वर्षात सर्वाधिक व्ह्यूज मिळाले ते लसणीच्या चटणीच्या एका शॉर्टला, १९,०००. उकडीच्या मोदकांच्या मोठ्या व्हिडिओला मिळाले अवघे ३,१००. वरवर पाहता चटणी जिंकली. पण चटणीचा शॉर्ट लोकांनी सरासरी १८ सेकंद पाहिला आणि मोदकांचा व्हिडिओ सहा मिनिटं. तासांत मांडलं तर चटणीचे ९५ तास होतात आणि मोदकांचे ३१०.

प्रेक्षकांनी एखाद्या व्हिडिओसमोर घालवलेल्या एकूण वेळाला वॉच टाइम म्हणतात. व्हिडिओ सुचवताना नुसत्या क्लिकऐवजी या वेळाला महत्त्व देण्याचा बदल यूट्यूबने २०१२ साली केला. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या बारा महिन्यांत ४,००० तास. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिले गेलेले तास मात्र या ४,००० मध्ये धरले जात नाहीत. म्हणूनच वर्षाचा हिशेब मांडताना तास किती झाले याबरोबर ते कोणत्या प्रकारच्या व्हिडिओचे आहेत, हेही पाहावं लागतं. ९६ ओळींच्या यादीतून हे दोन्ही एका वेळी दाखवणारं साधन म्हणजे एक्सेलमधलं पिव्होट टेबल.

सुरुवात यूट्यूब स्टुडिओपासून होते. Analytics मधल्या Advanced mode मध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर हा काळ निवडला की प्रत्येक व्हिडिओची ओळ दिसते आणि ती यादी CSV स्वरूपात उतरवता येते. हाती येते एक झिप फाइल. तिच्यातली Table data.csv आपल्या कामाची. तिच्यात फक्त पहिल्या ५०० ओळी येतात. मोठ्या चॅनेलचे तळाचे व्हिडिओ त्यामुळे गुपचूप गळून पडतात. शिवाय व्हिडिओ मोठा आहे, शॉर्ट आहे की लाइव्ह, हे सांगणारा रकानाही तिच्यात नसतो. लांबीवरून ओळखायचं म्हटलं तर तेही फसवं आहे. १५ ऑक्टोबर २०२४ पासून टाकलेले तीन मिनिटांपर्यंतचे उभे किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट्समध्ये जातात, पण तेवढ्याच लांबीचा आडवा व्हिडिओ जात नाही. सोपा मार्ग म्हणजे स्टुडिओतच व्हिडिओच्या प्रकाराची चाळणी लावून तीन वेगळ्या याद्या उतरवायच्या, एक्सेलमध्ये त्या एकाखाली एक जोडायच्या आणि ‘प्रकार’ नावाचा रकाना हाताने भरायचा.

मराठी चॅनेलची पहिली ठेच इथेच लागते. CSV वर दोनदा क्लिक करून ती उघडली तर ‘उकडीचे मोदक’च्या जागी à¤ सारख्या चिन्हांची रांग दिसू शकते. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने तिची लिपी चुकीची वाचलेली असते. त्याऐवजी कोऱ्या फाइलमध्ये Data → From Text/CSV ने ती आणावी आणि File Origin मध्ये 65001: Unicode (UTF-8) निवडावं. तिथल्याच Transform Data मध्ये आणखी दोन गोष्टी उरकून घ्याव्यात. व्हिडिओचा अकरा अक्षरी ओळखक्रमांक कधी कधी उण्याच्या चिन्हाने सुरू होतो आणि एक्सेल त्याला सूत्र समजून #NAME? दाखवतं, म्हणून तो रकाना Text करावा. तारीख असते ‘Jan 5, 2025’ अशी, महिना आधी. भारतीय पद्धतीवर बसवलेल्या संगणकावर ती नुसता मजकूर म्हणून पडून राहू शकते. तेव्हा Using Locale मध्ये अमेरिकन इंग्रजी निवडून तिची खरी तारीख करून घ्यावी.

तिन्ही याद्या जोडून झाल्यावर रकान्यांना मराठी नावं दिली तर पुढचं काम हलकं होतं : शीर्षक, दिनांक, प्रकार, व्ह्यूज, तास. Ctrl+T ने यादीचं टेबल करावं आणि महिन्याचा एक रकाना वाढवावा :

```
=TEXT([@[दिनांक]],"yyyy-mm")
```

त्यात ‘2025-08’ असं उमटतं. वर्ष आधी असल्यामुळे महिने आपोआप ओळीने लागतात आणि २०२४ चा ऑगस्ट २०२५ च्या ऑगस्टमध्ये मिसळत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण काळ २०२५ चा निवडला तरी त्या वर्षात पाहिले गेलेले जुने व्हिडिओही यादीत येतात. त्यांना चाळणी लावून वगळावं लागतं.

याच रकान्यात कधी ‘1900-01’ हा महिना डोकावतो. ती असते Total ची ओळ, म्हणजे यूट्यूबने प्रत्येक यादीच्या डोक्यावर दिलेली बेरीज. तिला तारीख नसते आणि रिकाम्या तारखेला एक्सेल १९०० सालात नेऊन ठेवतं. ती काढायची राहिली तर एकूण तास बरोबर दुप्पट दिसतात. नाशिकच्या चॅनेलचे ७,००० तास १४,००० झाले तर चूक हीच.

आता Insert → PivotTable. उजवीकडे चार चौकटी दिसतात. ‘प्रकार’ Columns मध्ये, ‘महिना’ Rows मध्ये आणि ‘तास’ Values मध्ये ओढला की बारा ओळी आणि तीन रकान्यांचा तक्ता तयार होतो. चौकटीत Sum of ऐवजी Count of दिसलं तर तासांच्या रकान्यात कुठे तरी मजकूर किंवा रिकामी जागा आहे असं समजावं. तळाशी वर्षाची बेरीज येते : मोठे व्हिडिओ ५,२०० तास, लाइव्ह ९६०, शॉर्ट्स ८४०. शॉर्ट्सना एकूण २,३५,२०० व्ह्यूजपैकी १,६८,००० व्ह्यूज मिळाले, म्हणजे ७१ टक्के. तासांत मात्र त्यांचा वाटा १२ टक्के.

क्रमवारीसाठी महिना बाजूला काढून Rows मध्ये ‘शीर्षक’ ठेवावं आणि ‘प्रकार’ Columns मधून Rows मध्ये, शीर्षकाच्या वर आणावा. मग ‘तास’ Values मध्ये दुसऱ्यांदा ओढावा. या दुसऱ्या रकान्यावर उजवं क्लिक करून Show Values As → Rank Largest to Smallest निवडावं आणि Base field म्हणून ‘शीर्षक’ द्यावं. आता प्रत्येक प्रकारात क्रमांक एकपासून नव्याने सुरू होतात. ‘प्रकार’ काढून टाकला की सगळ्यांची एकच क्रमवारी उरते. तिच्यात दिवाळीच्या फराळाचं लाइव्ह ६१० तासांनी पहिलं येतं आणि मोदक दुसरे. चटणीचा शॉर्ट बराच खाली जातो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. दोन व्हिडिओंचं शीर्षक सारखं असेल तर पिव्होट त्यांना एकच समजून बेरीज करतं. एकाच पाककृतीचा शॉर्ट आणि मोठा व्हिडिओ एकाच नावाने टाकलेले असतील तर एकत्र क्रमवारीत हे हमखास घडतं. अशा वेळी Rows मध्ये शीर्षकाऐवजी ओळखक्रमांक घ्यावा.

सरासरीच्या बाबतीत तर फार जपावं लागतं. Values मध्ये Sum च्या जागी Average केलं की दर व्हिडिओमागचे तास मिळतात : मोठा व्हिडिओ १३०, शॉर्ट १६.८, लाइव्ह १६०. लाइव्ह सर्वांत वरचढ दिसतं आणि इथेच मोह होतो, पुढच्या वर्षी दर आठवड्याला लाइव्ह करावं असा. त्या १६० वर दोनदा क्लिक करावं. एक्सेल नवं पान उघडून त्या आकड्यामागच्या सहा ओळी समोर ठेवतं. त्यातली एक फराळाची, ६१० तासांची. उरलेल्या पाच मिळून ३५०, म्हणजे प्रत्येकी ७०. मोठ्या व्हिडिओच्या निम्म्याच्या आसपास. साध्या पिव्होट टेबलमध्ये मध्यक काढण्याची सोय नसते, त्यामुळे थोड्या व्हिडिओंच्या गटावर असं क्लिक करून पाहिल्याशिवाय त्याच्या सरासरीवर विसंबू नये.

दर व्ह्यूमागची मिनिटंही अशीच चकवतात. मोठ्या व्हिडिओंची सरासरी ५ मिनिटं, लाइव्हची १२, शॉर्ट्सची ०.३. या तिन्हींची सरासरी काढली तर ५.८ येते, आणि ती चूक आहे. आधी सगळे तास, सगळे व्ह्यूज बेरजेत घ्यायचे आणि मग भागायचं. पिव्होटमधलं Calculated Field नेमकं हेच करतं :

```
='तास'*60/'व्ह्यूज'
```

एकूणच्या ओळीत आता १.७९ मिनिटं दिसतात. शॉर्ट्सच्या बाबतीत मात्र हा आकडाही जपूनच वाचावा लागतो. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की लगेच व्ह्यू धरला जातो, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे व्ह्यूज एका मापाचे नाहीत. तासांच्या बेरजेला या बदलाचा धक्का लागत नाही.

महिन्यांची तुलना सगळ्यांत अवघड, आणि बहुतेकांचा निष्कर्ष चुकतो तो इथेच. जानेवारीतल्या चार मोठ्या व्हिडिओंचे ६४० तास, म्हणजे प्रत्येकी १६०. डिसेंबरातल्या तिघांचे १२०, प्रत्येकी ४०. डिसेंबर तळाला जातो. पण जानेवारीच्या व्हिडिओंना प्रेक्षक गोळा करायला जवळपास बारा महिने मिळाले आणि डिसेंबरच्या व्हिडिओंना काही आठवडे. अशी क्रमवारी व्हिडिओचं वय मोजते.

वय सारखं करायला थोडी मेहनत पडते. वर्षाची एकच यादी न घेता मोठ्या व्हिडिओंच्या बारा याद्या उतरवायच्या, प्रत्येक महिन्याची वेगळी. फाइलला ‘2025-01’ असं त्या महिन्याचं नाव द्यायचं आणि सगळ्या एका फोल्डरमध्ये ठेवायच्या. Get Data मधलं From Folder त्या एकत्र जोडतं आणि कोणती ओळ कोणत्या फाइलमधून आली तेही लिहितं. तोच झाला ‘पाहण्याचा महिना’. पिव्होटमध्ये Rows ला टाकण्याचा महिना आणि Columns ला पाहण्याचा महिना घेतला की आकडे पायऱ्यांसारखे उतरतात, डावीकडचा खालचा भाग रिकामा राहतो आणि कर्णावर प्रत्येक महिन्याचा पहिलाच महिना दिसतो.

कर्णावर जानेवारीचे आकडे आहेत ९६ तास, प्रत्येकी २४. डिसेंबरचे १२०, प्रत्येकी ४०. दोन्ही महिन्यांतले व्हिडिओ पहिल्या दहा दिवसांतच आलेले असल्यामुळे ही तुलना टिकते. महिनाअखेरीस टाकलेल्या व्हिडिओला कर्णावर तीन-चार दिवसच मिळतात, तिथे पुढचा महिनाही धरून दोन महिन्यांची बेरीज करावी. वार्षिक बेरजेत तळाला गेलेला डिसेंबर पहिल्या महिन्याच्या मापाने जानेवारीच्या पुढे निघतो. ऑगस्टच्या ओळीत मोदकांचे तास बहुतांश २७ ऑगस्टच्या गणेश चतुर्थीच्या आसपास जमून पुढे जवळजवळ थांबलेले दिसतात. जानेवारीतल्या रोजच्या भाज्यांच्या व्हिडिओंचे तास मात्र दर महिन्याला थोडे थोडे वाढत राहतात.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दांपत्य जानेवारी २०२६ ची यादी उतरवून त्याच फोल्डरमध्ये टाकेल. नवी फाइल ठेवली म्हणून पिव्होट टेबल स्वतःहून बदलत नाही. Data मधलं Refresh All दाबावं लागतं, आणि जोडलेली यादी ताजी होण्याआधीच पिव्होट ताजं होऊन त्याला जुनीच मिळाली असं वाटलं तर ते पुन्हा एकदा दाबावं. मग डिसेंबरच्या ओळीत दुसरा आकडा उमटेल.